घासणारं दार: बिजागरीमागे पॅकिंग आणि लांब स्क्रू

प्रश्न: आतल्या खोलीचं लाकडी दार वरच्या बाजूला, कुलपाच्या अंगाला चौकटीला घासतंय. बिजागरीचे स्क्रू आवळले तरी काही दिवसांत पुन्हा सैल होतात. सुतार म्हणतात, रंधा मारावा लागेल. रंधा न मारता जमेल का? बिजागरीमागे पत्ती घालतात म्हणे, ती नेमकी कुठे आणि किती?

उत्तर:

तुम्ही लिहिलंय त्यावरून रंधा मारायचं कारण दिसत नाही. स्क्रू आवळूनही पुन्हा सैल होतायत, म्हणजे वरच्या बिजागरीच्या स्क्रूंना लाकडात पकड उरलेली नाही आणि पल्ला स्वतःच्या वजनाने पुढे झुकलाय. अशा दाराची कड तासली की घासणं त्या दिवशी थांबतं, पण पल्ला झुकत राहतो आणि काही महिन्यांनी तोच कोपरा पुन्हा टेकतो. शिवाय तासलेल्या जागी रंग जाऊन कोरं लाकूड उघडं पडतं, ते दमट हवेत ओल ओढतं आणि फुगतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्क्रू, मग पॅकिंग, आणि दोन्ही करून काही उरलंच तर रंधा.

काम सुरू करण्याआधी नक्की काय बिघडलंय ते बघा. दार अर्धं उघडा, मुठीला धरून पल्ला सरळ वर उचलायचा प्रयत्न करा आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. दुसऱ्या कुणाला उचलायला सांगून तुम्ही स्टुलावरून पाहिलंत तर अजून बरं. बिजागरीचं पान चौकटीपासून सुटून परत टेकत असेल, तर दोष स्क्रूंचा आहे. पान घट्ट बसलंय पण मधल्या नळ्या एकमेकींवर खालीवर होतायत आणि पिनेभोवती काळी भुकटी दिसतेय, तर बिजागरीच झिजली आहे. तिथे लांब स्क्रूने काही होणार नाही, त्याच मापाची नवी बिजागरी बसवा. आणि काहीच हलत नसेल, तरीही घासत असेल, तर फटी मोजायला हव्यात.

फट मोजायला पत्त्यांच्या कॅटमधली पानं चांगली. एक पान साधारण ०.३ मिलिमीटर जाडीचं असतं. दार बंद करून किती पानं एकत्र फटीत जातात ते बिजागरीच्या बाजूला वर, मध्ये, खाली आणि तसंच कुलपाच्या बाजूला तीन ठिकाणी पाहा आणि कागदावर लिहून ठेवा. आतल्या दाराला दोन्ही बाजूंनी साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे दहाएक पानं, फट असली की दार सुखाने चालतं. नेमकं कुठे टेकतंय ते कळत नसेल तर पल्ल्याच्या कडेला खडू घासा आणि दार दोनतीनदा उघडबंद करा. चौकटीवर जिथे खडू उमटला तिथे दार टेकतंय.

या मापांवरून आजार ओळखता येतो. बिजागरीच्या बाजूला वर फट जास्त आणि खाली कमी, कुलपाच्या बाजूला बरोब्बर उलटं, असं असेल तर पल्ला झुकलाय. कुलपाच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत सारखीच कमी असेल आणि हा त्रास फक्त ओल्या दिवसांतच होत असेल, तर लाकूड फुगलंय. ते वेगळं दुखणं आहे. फुगलेल्या दारावर कोरड्या दिवसांपर्यंत हत्यार चालवू नका, नाहीतर नंतर दाराला हातभर फट दिसेल. बिजागरीच्या बाजूला फटच नाही आणि दार बंद करताना स्प्रिंगसारखं मागे येतं, असंही होतं. तेव्हा बिजागरीची खाच गरजेपेक्षा खोल गेलेली असते आणि सगळ्याच बिजागऱ्यांमागे पॅकिंग लागतं. तुमचं दुखणं पहिल्या प्रकारचं आहे असं धरून पुढे सांगतो.

आता छोट्या स्क्रूंबद्दल. कारखान्यातून बिजागरीसोबत येणारे स्क्रू बहुधा २० ते २५ मिलिमीटरचे असतात. चौकट पातळ फळीची असेल तर ते तेवढ्याच फळीत रुततात, मागच्या भक्कम लाकडापर्यंत पोचतच नाहीत. पल्ल्याचं वजन वरच्या बिजागरीला सतत बाहेर ओढत असतं आणि खालच्या बिजागरीला आत दाबत असतं. त्यामुळे सुटते ती कायम वरचीच. एकदा आट्यांनी भोकातलं लाकूड खाल्लं की त्याच भोकात तोच स्क्रू कितीही आवळा, काही दिवस टिकेल इतकंच.

लांब स्क्रू किती लांब, हे चौकटीमागे काय आहे त्यावर ठरतं. पातळ चौकट लाकडी सांगाड्यावर ठोकलेली असेल, तर ६५ ते ७५ मिलिमीटरचा स्क्रू चौकट, मधली पोकळी ओलांडून मागच्या उभ्या लाकडात शिरतो. चौकट विटांच्या भिंतीत बसवलेली आणि भरीव असेल, तर ५० मिलिमीटर पुरे. जास्त लांब घेतलात तर टोक मागच्या विटेवर जाऊन थांबेल, स्क्रू फिरत राहील आणि नवं भोकही चुरडेल. कुठला प्रकार आहे कळत नसेल तर एक स्क्रू काढून त्या भोकात पातळ तार घाला. लाकूड, मग मोकळी जागा, मग पुन्हा कडक काहीतरी लागलं तर मागे पोकळी आहे.

जाडी मात्र जुन्या स्क्रूएवढीच हवी, आणि डोक्याचा आकारसुद्धा. डोकं बिजागरीच्या खळग्यात सपाट बसलं नाही, वर राहिलं, तर दार बंद होताना दोन पानं त्या डोक्यांवर टेकतात आणि दार मागे उसळतं. पुष्कळ जण लांब स्क्रू लावतात, दार बंद होईना म्हणून पुन्हा रंधा काढतात आणि दोष मात्र त्या डोक्यांचा असतो. जुना स्क्रू हातात घेऊन नव्याच्या डोक्याशी लावून बघा, दुकानात तेवढं केलं तरी पुरे. प्लास्टर-बोर्डाचे काळे स्क्रू वापरू नका, ते ठिसूळ असतात आणि दाराच्या धक्क्यांनी डोकं तुटून येतं. लाकडाचे चांगल्या पोलादाचे स्क्रू घ्या.

आणि एक गोष्ट पक्की ठेवा: लांब स्क्रू फक्त चौकटीच्या पानात. पल्ल्याच्या पानात नाही. पल्ल्याच्या कडेची भरीव लाकडी पट्टी पुष्कळदा फार रुंद नसते, आत पोकळ किंवा भुसकट लाकूड असतं. तिथे लांब स्क्रूला पकड तर मिळत नाहीच, उलट पट्टी फाटू शकते. पल्ल्यातलं भोक मोठं झालं असेल तर त्याचा उपाय वेगळा आहे. ८ किंवा १० मिलिमीटरचं भोक पाडा, त्यात लाकडाच्या गोंदाने त्याच जाडीचा कडक लाकडाचा गोल खुंटा ठोका, दुसऱ्या दिवशी कड सपाट करा आणि नवं बारीक भोक पाडून स्क्रू लावा. आगपेटीच्या काड्या घालायची पद्धत माहीत असेलच. ती तात्पुरती चालते, पण ज्या दाराचं वजन रोज झेलायचंय तिथे मी ती वापरत नाही.

काम करताना दार चौकटीतून काढायची गरज नाही. पल्ला उघडून कुलपाच्या बाजूच्या कोपऱ्याखाली दोन पाचरी समोरासमोर सरकवा आणि थोडं थोडं ठोकत वजन पाचरींवर येईपर्यंत उचला. हे टाळू नका. पल्ला लोंबकळत असताना स्क्रू काढलात तर उरलेल्या स्क्रूंवर सगळं ओझं जातं आणि त्यांचीही भोकं मोठी होतात.

मग वरच्या बिजागरीपासून सुरुवात. चौकटीच्या पानातला एकच स्क्रू काढा, एकदम सगळे नाही. सगळ्यात आधी तो, जो खोलीच्या काठापासून आत, दार ज्या पट्टीवर येऊन थांबतं तिच्या जवळचा आहे. तिथून सरळ गेलेला स्क्रू मागच्या लाकडाच्या मधोमध पडायची शक्यता जास्त. काठाजवळचा लांब स्क्रू मागच्या लाकडाची कड चिरतो किंवा नुसताच हवेत जातो. भोकातून बारीक ड्रिलने मागचं लाकूड आधी पोखरून घ्या. ४.५ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला मऊ लाकडात २.५ मिलिमीटरचं बिट, कडक लाकडात ३ मिलिमीटरचं. ड्रिल अगदी किंचित आतल्या दिशेला, म्हणजे भिंतीच्या मध्याकडे तिरपं धरा. आट्यांना थोडा साबण लावला तर स्क्रू सहज जातो.

आता या सगळ्यातला नाजूक भाग. स्क्रू तीन चतुर्थांश आत गेला की मशीन बाजूला ठेवा आणि उरलेलं हाताने आवळा. चौकट आणि मागचं लाकूड यांच्यात पोकळी असेल, तर लांब स्क्रू पान तर बसवतोच, वर चौकटीलाच मागे ओढून वाकवतो. पाव वळसा द्या, दार बंद करून फट बघा, पुन्हा पाव वळसा. हे ओढणं फायद्याचंही आहे, कारण पॅकिंग न घालता वरची फट हवी तेवढी कमी करायचं हे उत्तम साधन आहे. मात्र मशीनने एका झटक्यात आवळलं तर चौकट आत वाकून बसते, मग बिजागरीच्या बाजूची फट संपते आणि दार नव्या जागी घासायला लागतं. असं झालंच तर स्क्रू वळसा-दोन वळसे सैल करा, चौकट बहुतेक परत येते.

वर काम झाल्यावर पॅकिंग. हे समजायला एक गोष्ट डोक्यात ठेवा: तुम्ही बिजागरी आत-बाहेर करता तेव्हा पल्ला दुसऱ्या बिजागरीभोवती फिरतो. वरची बिजागरी चौकटीत ओढली की वरचा भाग कुलपापासून दूर जातो आणि कुलपाची कड थोडी वर उचलली जाते. खालच्या बिजागरीमागे पॅकिंग घातलं की खालचा भाग कुलपाकडे सरकतो आणि कुलपाची कड तशीच वर जाते, पण वरच्या कोपऱ्याची आडवी जागा फारशी बदलत नाही. दोन्हींत कड किती उचलली जाईल ते सोपं आहे: सरकवलेलं अंतर गुणिले पल्ल्याची रुंदी भागिले वरच्या आणि खालच्या बिजागरीतलं अंतर. ८०० मिलिमीटर रुंद पल्ला आणि बिजागऱ्यांमध्ये १५०० असेल, तर १ मिलिमीटरला कड साधारण अर्धा मिलिमीटर वर जाते.

यातच एक सापळा आहे. तुमचा पल्ला कुलपाच्या बाजूच्या उभ्या कडेला घासतोय का, की वरच्या आडव्या चौकटीला? आडवीला घासत असेल तर खालच्या पॅकिंगने घासणं वाढेल, कारण ते कोपरा आणखी वर नेतं. तेव्हा उलट करायचं: वरच्या बिजागरीमागे पॅकिंग, म्हणजे कड खाली येते. पॅकिंग घातल्यावर दार जास्त घासायला लागलं अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच विचारतो.

एक उदाहरण मापांसह करू. पल्ला २००० बाय ८००, तीन बिजागऱ्या, वरची-खालची अंतर १५००. बिजागरीच्या बाजूला फट वर ५, मध्ये ३.५, खाली २. कुलपाच्या बाजूला वर १, मध्ये २.५, खाली ४. दोन्ही बाजूंची बेरीज सगळीकडे ६, म्हणजे पल्ल्याची रुंदी बरोबर आहे, फक्त तो कललाय. वर १ मिलिमीटर फट दिसते, पण ती बिजागरीच्या उंचीवर मोजलेली. त्याच्याही वरच्या कोपऱ्यात ती आणखी कमी, आणि रंगाच्या थरामुळे तिथे टेकतंय. बेरीज ४ वगैरे आली असती तर पॅकिंगने काही निभावलं नसतं, तिथे रंधाच लागला असता. म्हणून ही बेरीज करून बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

वरचं पान चौकटीपासून २ मिलिमीटर सुटलेलं होतं, मधलंही एखाद मिलिमीटर. लांब स्क्रूंनी दोन्ही जागेवर आणल्यावर बिजागरीच्या बाजूला फट वर ३, मध्ये २.५, खाली २ झाली. कुलपाच्या बाजूला वर ३, मध्ये ३.५, खाली ४. घासणं थांबलं, आणि इथेच थांबायलाही हरकत नव्हती. तरी खालच्या बिजागरीमागे १ मिलिमीटरचं पॅकिंग घातलं की खाली ३ आणि ३ होतं. मग मधली? वर ३ आणि खाली ३ यांच्यामध्ये तिलाही ३ हवं, म्हणजे तिच्यामागे ०.५ मिलिमीटरचं पॅकिंग लागतं. ती तशीच ठेवलीत तर तिन्ही पिना एका रेषेत राहत नाहीत, पल्ला जड चालतो आणि मधल्या बिजागरीचे स्क्रू सतत ताणले जातात. काही आठवड्यांनी तेच पहिले सैल होतात. कडेची एकूण उचल पाहिली तर वरच्या २ मिलिमीटरचा १.०७ आणि खालच्या १ मिलिमीटरचा ०.५३, मिळून साधारण १.६ मिलिमीटर. म्हणजे जमिनीला किंवा उंबऱ्याला टेकणारा कोपराही यातच सुटतो.

पॅकिंग कशाचं घालायचं? लॅमिनेटच्या पत्र्याचे तुकडे मला सगळ्यात आवडतात. १ मिलिमीटरच्या आसपास जाडी, दाबले तरी चपटत नाहीत, ओल पीत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरला पातळ कडक प्लास्टिक किंवा पितळेची पत्ती घ्या. पुठ्ठा कोरड्या खोलीत चालून जातो, पण दाबून पातळ होतो आणि ओला झाला की फुगतो, त्यामुळे न्हाणीघराच्या दाराला तो नकोच. पॅकिंग पानाच्या पूर्ण आकाराचं कापा. अर्ध्या रुंदीची पट्टी घातली तर पान एका कडेवर तिरपं होतं आणि स्क्रू आवळताना वाकतं. जुनं पान कागदावर ठेवून पेन्सिलने रेघ मारा, भोकं उमटवा, तो कागद लॅमिनेटवर ठेवून कापा आणि भोकं ड्रिलने पाडा.

पॅकिंग सरकवायला चौकटीच्या पानाचे स्क्रू पूर्ण काढावे लागतात, तेव्हा पाचरींची उंची पुन्हा तपासा. पॅकिंग घातल्यावर स्क्रूचा तेवढाच भाग लाकडाबाहेर राहतो, म्हणून इथले छोटे स्क्रूही निदान एका मापाने लांब घ्या. खालच्या बिजागरीला मात्र ७५ मिलिमीटरचे स्क्रू लागत नाहीत, तिच्यावर ओढ नसते. एका जागी २ मिलिमीटरपेक्षा जास्त पॅकिंगची गरज वाटली तर थांबा. खाच चुकीची कापलेली असते, ती लाकडी पट्टी चिकटवून भरून पटाशीने नव्याने काढणं बरं.

आगीपासून संरक्षणाचं प्रमाणित दार असेल तर यातलं काहीही मनाने करू नका. त्या दाराची बिजागरी, स्क्रू आणि पॅकिंग ठरलेलं असतं, बदललं तर दाराचं प्रमाणपत्र राहत नाही.

सगळं झाल्यावर पाचरी काढा आणि दार चाळीस-पन्नासदा उघडबंद करा. मग प्रत्येक स्क्रूला हाताने पाव वळसा देऊन पाहा, नवीन स्क्रू लाकडात बसताना थोडे सैल होतात. दार अर्धं उघडून हात सोडा, ते जागच्या जागी थांबायला हवं. आपोआप मिटत किंवा उघडत असेल तर पिना लंबरेषेत नाहीत. त्याला ओळंबा लावून कुठली बिजागरी किती बाहेर आहे ते बघावं लागेल.

शेवटी कुलपाची जीभ. पल्ला वर उचलला गेलाय म्हणून ती चौकटीतल्या पट्टीच्या भोकात आता वेगळ्या उंचीवर जाईल. पल्ला झुकलेला असताना कुणी ते भोक खाली कानशीने वाढवलं असेल, तर आता वरची कड जिभेला अडवू शकते. जिभेला पेन्सिलचं शिसं किंवा खडू लावा, दार बंद करा, पट्टीवर उमटेल तिथेच कानस चालवा. पट्टी काढून थोडी वर सरकवायची ठरवलीत तर तिची जुनी भोकं आधी खुंटा ठोकून बुजवा. नाहीतर नवा स्क्रू थेट जुन्या भोकात घसरतो आणि पट्टी पुन्हा खालीच जाऊन बसते.